आगाऊ रक्कम दिली, माल आला नाही : वसुलीचे मार्ग व त्यांच्या मर्यादा

शेतीची अवजारे, रोपे, ठिबकच्या नळ्या व पंप यांची खरेदी आता पुष्कळ शेतकरी मोबाइलवर जाहिरात पाहून करू लागले आहेत. अशा खरेदीत विक्रेता बहुधा काही रक्कम आगाऊ मागतो. रक्कम गेल्यावर माल येत नाही, तेव्हा ती परत कशी मिळवावी हा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर विक्रेता कोण होता व आपण किती लवकर हालचाल केली, या दोन गोष्टींवर अवलंबून असते. ते पुढील कल्पित उदाहरणावरून समजून घेता येईल.

एका शेतकऱ्याने कोळपणीसाठी पॉवर वीडर घेण्याचे ठरविले. बाजारात ५२,००० रुपयांना मिळणारे यंत्र जाहिरातीत ४१,००० रुपयांना देऊ केलेले होते. विक्रेत्याने व्हॉट्सॲपवर यंत्राची छायाचित्रे व कोटेशन पाठविले. शेतकऱ्याने सोमवारी सकाळी यूपीआयने १२,००० रुपये विसार म्हणून भरले. बुधवारी दुपारी, 'गाडी निघाली आहे, वाहतुकीचे ६,५०० रुपये भरा, ते अखेरच्या बिलातून वजा होतील', असा निरोप आला व तेही भरण्यात आले. गुरुवारी विम्यासाठी आणखी ४,००० रुपयांची मागणी झाली. शेतकऱ्याने नकार देताच विक्रेत्याने फोन उचलणे बंद केले. एकूण १८,५०० रुपये गेले.

प्रथम विक्रेता ओळखावा

येथे दोन शक्यता संभवतात. विक्रेता खरा दुकानदार असेल, परंतु त्याच्याजवळ माल नसेल किंवा तो पैसे अडवून बसला असेल. अथवा दुकान मुळात अस्तित्वातच नसेल व कोणी तरी दुसऱ्याच्या नावावर पैसे उकळले असतील. या दोहोंचे मार्ग वेगळे आहेत. चुकीच्या मार्गाने गेल्यास वेळ फुकट जातो, आणि दुसऱ्या प्रकारात वेळ हेच मुख्य भांडवल असते.

ही पारख घरबसल्या तासाभरात करता येते. कोटेशनवरील पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक gst.gov.in या संकेतस्थळावर घालून पाहावा. तेथे नोंदणीकृत मालकाचे नाव, पत्ता, नोंदणीची तारीख व नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे हे दिसते. क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्य दर्शवितात. महाराष्ट्रासाठी ते २७ व गुजरातसाठी २४ आहेत. नंतर पैसे भरताना मोबाइलवर दिसलेले खातेदाराचे नाव पाहावे. कोटेशन नाशिकच्या कंपनीचे आणि खाते मात्र परराज्यातील एखाद्या व्यक्तीच्या खाजगी नावाचे, असे असेल तर व्यवहार संशयास्पद समजावा. शेवटी, ज्या कंपनीचे नाव वापरले आहे तिच्या कारखान्याच्या किंवा अधिकृत विक्रेत्याच्या फोनवर, जाहिरातीतील फोनवर नव्हे, चौकशी करावी. आमच्या उदाहरणातील जीएसटी क्रमांक खरा होता, परंतु तो एका निराळ्याच कापड दुकानाचा निघाला. त्यावरून विक्रेता तोतया असल्याचे स्पष्ट झाले.

तोतया विक्रेता : पहिले काही तास

अशा वेळी प्रथम १९३० या क्रमांकावर फोन करावा किंवा cybercrime.gov.in येथे तक्रार नोंदवावी. ही व्यवस्था केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत चालते. फोन करताना रक्कम, तारीख, वेळ, आपल्या बँकेचे नाव व प्रत्येक व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक जवळ ठेवावा. हा क्रमांक यूपीआय ॲपमधील व्यवहाराच्या तपशिलात सापडतो. तक्रार नोंदताच मिळणारा पोचक्रमांक लिहून ठेवावा.

या तक्रारीने नेमके काय घडते हे समजून घ्यावे, म्हणजे भलत्या अपेक्षा राहणार नाहीत. तक्रारीची सूचना आपल्या बँकेकडून, पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेकडे जाते. त्या खात्यात रक्कम शिल्लक असेल तर ती रोखून धरली जाते. रक्कम पुढच्या खात्यात गेली असेल तर सूचना पुढच्या बँकेकडे जाते. परंतु एटीएममधून रोख काढून घेतलेली रक्कम रोखता येत नाही. तोतये हे जाणतात व आलेले पैसे त्वरेने दोन-तीन खात्यांतून फिरवून काढून घेतात. म्हणूनच सकाळी केलेला फोन व तीन दिवसांनी केलेला फोन यांत मोठे अंतर पडते.

उदाहरणातील शेतकऱ्याने गुरुवारी सायंकाळी फोन केला. सोमवारचे १२,००० रुपये तोवर रोख निघून गेले होते. बुधवारच्या ६,५०० पैकी ४,१०० रुपये दुसऱ्या खात्यात सापडले व रोखले गेले. थोडक्यात, १८,५०० रुपयांपैकी ४,१०० रुपयेच हाती येण्याजोगे उरले.

रोखलेली रक्कम आपोआप आपल्या खात्यात जमा होत नाही. त्यासाठी पोलीस ठाण्याशी संपर्क ठेवून, सामान्यतः भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ५०३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. अर्जासोबत तक्रारीची प्रत, बँकेचा खातेउतारा व रक्कम रोखल्याची माहिती जोडावी. लहान रकमांसाठी काही सुलभ रीत उपलब्ध आहे काय, हे तपासी अधिकाऱ्यास आधी विचारून घ्यावे.

पोलीस ठाण्यात कधी कधी 'ही दिवाणी बाब आहे' असे उत्तर मिळते. केवळ माल वेळेवर न पाठविणे हा गुन्हा नव्हे, हे खरे आहे. फसवणुकीचा गुन्हा होण्यासाठी विक्रेत्याचा हेतू आरंभापासूनच खोटा होता असे दिसावे लागते. म्हणून तक्रारीत 'माल आला नाही' एवढेच न लिहिता, जीएसटी क्रमांक दुसऱ्याचा होता, खाते वेगळ्या नावाचे होते, पैसे मागण्याची कारणे एकामागून एक वाढत गेली व नकार देताच फोन बंद झाला, या गोष्टी क्रमाने मांडाव्यात. भारतीय न्याय संहिता, २०२३ चे कलम ३१८ अशाच प्रकाराला लागू पडते.

बँकेकडून भरपाई मिळेल, अशी आशा येथे धरू नये. खातेदाराच्या संमतीवाचून झालेल्या व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये संरक्षण घालून दिले. परंतु ज्या व्यवहारात खातेदाराने स्वतः पिन दाबून पैसे पाठविले तो त्यात बसत नाही. क्रेडिट कार्डाने पैसे दिले असल्यास स्थिती थोडी बरी असते. तेव्हा 'माल मिळाला नाही' या कारणास्तव कार्ड देणाऱ्या बँकेकडे लेखी हरकत नोंदविता येते. ही हरकतही विनाविलंब नोंदवावी.

खरा दुकानदार : ग्राहक आयोगाचा मार्ग

आता हाच व्यवहार एका खऱ्या, नोंदणीकृत दुकानदाराशी झाला होता असे समजू. त्याचा पत्ता ठाऊक आहे, दुकान चालू आहे, पण तो १२,००० रुपये घेऊन दोन महिने 'पुढच्या आठवड्यात माल येईल' एवढेच सांगत आहे. येथे घाईपेक्षा कागद महत्त्वाचा ठरतो.

प्रथम स्पीड पोस्टाने, पोच मिळेल अशा रीतीने, लेखी मागणी पाठवावी. तीत ठरलेला माल, भरलेली रक्कम, व्यवहार क्रमांक व कबूल केलेली तारीख लिहून पंधरा दिवसांत माल अथवा रक्कम द्यावी असे कळवावे. त्याच वेळी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ही हेल्पलाइन हुकूम देत नाही, मध्यस्थी करते. परंतु ज्या व्यापाऱ्यास आपले नाव जपावयाचे असते, तो पुष्कळदा येथेच रक्कम परत करतो. खरेदी एखाद्या मोठ्या विक्रीमंचावरून झाली असेल तर त्या मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याकडेही लिहावे. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार त्याने अठ्ठेचाळीस तासांत पोच देऊन एक महिन्यात निराकरण करावयाचे असते.

त्यानेही काम न झाल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने एक मोठी सोय केली आहे. विक्रेता कोठलाही असो, तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. दिलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही, वकील लावणे सक्तीचे नाही व तक्रार e-jagriti.gov.in वरूनही करता येते. मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. दुकानदाराच्या आश्वासनांवर विसंबून ती निघून जाऊ देऊ नये.

'यंत्र शेतीच्या धंद्यासाठी घेतले, म्हणून तुम्ही ग्राहक नव्हे' असा बचाव घेतला जाण्याचा संभव असतो. स्वतःच्या श्रमाने उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने व्यापारी हेतूची मानलेली नाही. बियाण्यांच्या बाबतीत शेतकरी हा ग्राहक होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. यंत्र स्वतःच्या शेतात वापरावयाचे होते हे तक्रारीत नमूद करावे व सोबत सातबाऱ्याचा उतारा जोडावा.

या मार्गालाही मर्यादा आहे. निकाल तीन महिन्यांत व्हावा अशी कायद्याची अपेक्षा असली तरी प्रत्यक्षात त्याहून बराच अधिक काळ लागतो. आदेश मिळाल्यावर विक्रेत्याने तो पाळला नाही तर वसुलीचा निराळा अर्ज करावा लागतो. आदेश मोडणाऱ्यास तुरुंगवासाची तरतूद आहे व तिच्या धाकाने पुष्कळ दुकानदार पैसे भरतात. परंतु ज्याचा पत्ताच खोटा आहे त्याच्यावर नोटीस बजावता येत नाही. म्हणून तोतयाविरुद्ध आयोगाकडे जाण्यात बहुधा अर्थ नसतो.

पुरावा व दुसरी फसवणूक

दोन्ही मार्गांत पुरावा एकच असतो : व्हॉट्सॲपवरील संभाषण, जाहिरातीचे चित्र, कोटेशन व खातेउतारा. संतापाच्या भरात संभाषण पुसून टाकू नये आणि निकाल लागेपर्यंत तो मोबाइल विकूही नये. छापील प्रत सोयीची असली तरी मूळ नोंद मोबाइलमध्येच असते.

तक्रारीनंतर काही दिवसांनी 'आपले पैसे सापडले, सोडविण्यासाठी शुल्क भरा' असा फोन येण्याचा संभव असतो. कधी तो बँकेच्या, तर कधी पोलिसांच्या नावाने येतो. ही दुसरी फसवणूक होय. पैसे आपल्या खात्यात येण्यासाठी पिन दाबावा लागत नाही, व रोखलेली रक्कम सोडविण्यासाठी कोणाच्या खाजगी खात्यावर शुल्क भरावे लागत नाही. अशा फोनचा क्रमांक टिपून तो आपल्या मूळ तक्रारीच्या पोचक्रमांकासह पोलीस ठाण्यात द्यावा. नव्या फोनवरून जुन्या तोतयाचा माग लागण्यास मदत होऊ शकते.