तारीख का पडली?



मी याच कॉलेजची माजी विद्यार्थिनी. आता फौजदारी वकिली करते आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरही आहे, म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही अशांचे काही खटले माझ्याकडे येतात. मंडळाच्या अंकासाठी लिहायचं ठरलं, तेव्हा गेल्या वर्षी माझ्याकडे आलेल्या एका काकूंची गोष्ट डोळ्यांसमोर आली. खटले वर्षानुवर्षं का चालतात आणि घरच्यांनी काय करायचं, हे त्या एका केसवरून नीट समजतं. ओळख पटू नये म्हणून गाव आणि कोर्ट सांगत नाही. सीमाभागातलं तालुक्याचं कोर्ट, एवढं पुरे.

काकू आल्या त्या डिसेंबर 2025 मध्ये. मुलगा रंगकाम करणारा. ज्या घरी रंगकाम चालू होतं तिथून दागिने गेले, आणि 12 सप्टेंबर 2024 ला पोलिसांनी त्याला धरलं. सोबतचा दुसरा कामगार पळून गेला, तो सापडलाच नाही. राहत्या घरातल्या चोरीचा गुन्हा, भारतीय न्याय संहितेचं कलम 305. जास्तीत जास्त शिक्षा 7 वर्षं. जामीन एकदा फेटाळला गेला होता. पोरगा पंधरा महिने आत होता.

मी विचारलं, "केस कुठवर आली, काकू?"

"काय की बाई. तारीख पडली म्हणत्यात, दुसरं काय सांगत न्हाईत. कागूद कानडीत हाय, आमाला वाचाय येत न्हाई."

त्यांच्या पिशवीत कागद होते, पण पंधरा महिन्यांत कुणी ते त्यांना वाचून दाखवले नव्हते. खरी अडचण इथेच होती. 'तारीख पडली' हे कारण नव्हे. प्रत्येक तारीख कशामुळे तरी पडते, आणि ते कारण कोर्ट त्याच दिवशी लिहून ठेवतं. महाराष्ट्रात आणि गोव्यात त्याला रोजनामा म्हणतात, आपल्याकडे ऑर्डर शीट. मी काकूंना म्हटलं, आधी आपण हे सगळे दिवस वाचू, मग काय मागायचं ते ठरवू.

असं का म्हटलं, ते सांगते. जलद खटल्याचा हक्क राज्यघटनेत त्या शब्दांत कुठेही लिहिलेला नाही. 1979 मध्ये बिहारच्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांच्या बातम्या इंडियन एक्सप्रेसमध्ये आल्या. त्यांवरून ॲडव्होकेट कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. गुन्हा सिद्ध झाला असता तरी जेवढी शिक्षा झाली नसती, त्याहून जास्त काळ काही माणसं आत होती. हुसैनारा खातून या नावानं ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रकरणात न्यायालयानं सांगितलं की जलद खटला हा कलम 21 मधल्या जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. मग प्रश्न आला, जलद म्हणजे किती वर्षं? महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या प्रकरणात 1991 मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठानं याचं उत्तर दिलं : वर्षांचा ठरलेला आकडा नाही. उशीर किती झाला, का झाला आणि कुणामुळे झाला, हे प्रत्येक खटल्यात पाहावं लागेल. 2002 मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठानं हेच कायम केलं.

म्हणजे "खूप वर्षं झाली हो" एवढं म्हणून भागत नाही. उशीर कुणामुळे, हे दाखवावं लागतं. आणि ते दाखवायचा पुरावा ऑर्डर शीटमध्येच असतो.

आम्ही वहीत चार रकाने आखले : तारीख, त्या दिवशी काय व्हायचं होतं, प्रत्यक्षात काय झालं, आणि कुणामुळे राहिलं. मोबाइलवर eCourts Services या ॲपमध्ये केसचा 16 अक्षरी CNR नंबर टाकला की तारखांची यादी दिसते. पण तिथली नोंद बहुधा एका ओळीची असते, म्हणून ऑर्डर शीटची प्रमाणित नक्कल काढली. कानडी ओळी मी वाचत गेले आणि काकूंची कॉलेजात शिकणारी पुतणी मराठीत लिहित गेली. एक संध्याकाळ लागली.

आरोपपत्र 4 नोव्हेंबर 2024 ला दाखल झालं होतं, अटकेपासून 53 व्या दिवशी. हे आधी पाहायचं असतं. अशा गुन्ह्यात पोलिसांनी 60 दिवसांत आरोपपत्र दिलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्कच मिळतो. फक्त तो अर्ज आरोपपत्र येण्याआधी करावा लागतो. इथे ती वेळ आलीच नव्हती.

पुढच्या वर्षभरात 17 तारखा पडल्या होत्या. त्यांचा हिशेब असा निघाला. चार तारखा पळालेल्या दुसऱ्या आरोपीची वाट पाहण्यात गेल्या. तीन तारखांना आमच्या मुलालाच तुरुंगातून आणलं नव्हतं. दोनदा पोलीस बंदोबस्त मिळाला नाही, एकदा व्हिडिओ जोडणी झाली नाही. पाच तारखांना साक्षीदार आले नाहीत, आणि त्यांतल्या तीन वेळा तर समन्स बजावल्याचा कागदही परत आला नव्हता. म्हणजे साक्षीदार टाळत होता की त्याला कुणी कळवलंच नव्हतं, हेही सांगता येत नव्हतं. दोन तारखा न्यायाधीशांच्या बदलीत आणि रजेत गेल्या. दोन तारखांना आमच्याच आधीच्या वकिलांनी मुदत मागितली होती. आणि एका, फक्त एका तारखेला साक्ष झाली, ती घरमालकिणीची.

काकू म्हणाल्या, "आपल्या वकिलाच्या दोन कशाला लिवतीस? पुसून टाक की."

मी पुसल्या नाहीत. सरकारी वकील त्या दाखवणारच, आणि आपण लपवल्या असं दिसलं तर उरलेल्या पंधरांवरचा विश्वासही जातो. कायदाही सांगतो की आरोपीनं स्वतः केलेला उशीर त्याच्या बाजूनं मोजायचा नाही. 17 पैकी 2 आमच्या, हे आम्ही अर्जात स्वतःच लिहिलं.

आता मागायचं काय? बऱ्याच घरांना एक नियम ऐकून माहीत असतो, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479 : कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला, किंवा पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश, तर जामीन. 7 वर्षांचा एक तृतीयांश म्हणजे 28 महिने. आमच्या मुलाचे ते जानेवारी 2027 मध्ये भरणार होते. तोवर थांबायचं?

नाही. त्याच संहितेत कलम 480 चं पोटकलम 6 आहे, त्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. मॅजिस्ट्रेटपुढे चालणाऱ्या अजामीनपात्र गुन्ह्यात, साक्षीसाठी नेमलेल्या पहिल्या तारखेपासून 60 दिवसांत खटला संपला नाही आणि आरोपी तो सगळा काळ आतच असेल, तर त्याला जामिनावर सोडायचं. सोडायचं नसेल तर मॅजिस्ट्रेटनं कारण लिहून द्यायचं. आमच्या वहीत साक्षीची पहिली तारीख होती 10 जून 2025. 60 दिवस ऑगस्टमध्येच उलटले होते. अर्ज कुणी केलाच नव्हता.

आम्ही दोन अर्ज दिले. एक या जामिनाचा, सोबत वहीतला तक्ता आणि ऑर्डर शीटची नक्कल. दुसरा अर्ज, पळालेल्या आरोपीची केस वेगळी काढून आमची पुढे चालवा, असा. सरकारी वकिलांनी हरकत घेतली की साथीदार फरार आहे, हाही पळेल. मॅजिस्ट्रेटनी तक्ता वाचला आणि विचारलं की दुसरा सापडत नाही याची शिक्षा पहिल्याला किती दिवस द्यायची? दोन्ही अर्ज मंजूर झाले.

तरी पोरगा त्या दिवशी घरी आला नाही. जामीनदार उभा राहीना. सर्वोच्च न्यायालयाचा 2023 चा निर्देश आहे : जामीन मिळूनही 7 दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. कळवण्याची वाट न पाहता आम्हीच सचिवांना भेटलो, रक्कम कमी करून घेतली, आणि अकराव्या दिवशी तो सुटला. त्यानं चोरी केली की नाही, ते मला ठाऊक नाही. ते कोर्ट ठरवील. पण आता तो तारखेला घरून जातो.

या केसमधून घरच्यांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, वकील येत नसेल तर गप्प बसू नका. कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. विधी सेवा प्राधिकरणाचा फोन 15100. दुसरी, साक्षीदाराला स्वतः फोन करू नका, त्याच्या घरी जाऊ नका. "या हो साक्षीला" एवढं म्हटलं तरी धमकावलं असा अर्थ निघतो आणि मिळालेला जामीनही जातो. समन्स परत आलं का, हे वकिलामार्फत कोर्टालाच विचारायचं. तिसरी, तारीख मागितली गेली की त्याच दिवशी आपली हरकत ऑर्डर शीटवर लिहून घ्यायला वकिलाला सांगा. कायद्याप्रमाणे अगदी नाइलाज असला तरी एका बाजूला दोनापेक्षा जास्त तहकुबी द्यायच्या नसतात. पण हरकतच नोंदवलेली नसेल, तर पुढे ती कुणाला दिसणार?

मर्यादाही सांगते. कलम 480 ची ही सवलत सेशन कोर्टातल्या खटल्यांना नाही. 479 ची सवलत फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना नाही, आणि एकाहून जास्त खटले चालू असले तरी ती मिळत नाही. तिथे हायकोर्टात, आपल्या भागासाठी धारवाडच्या पीठापुढे, कलम 21 वर जावं लागतं. "इतक्या महिन्यांत खटला संपवा" असा आदेश मिळणं मात्र अवघड झालंय, कारण अपवाद सोडून असे आदेश देऊ नयेत असं सर्वोच्च न्यायालयानं 2024 मध्ये म्हटलंय. जामीन मिळण्याची शक्यता त्या मानानं जास्त. आणि तिथेही सोबत न्यायचा कागद तोच, चार रकान्यांचा.

शेवटी त्या घरमालकिणीविषयी. त्या मला एकदा कोर्टाच्या व्हरांड्यात भेटल्या होत्या. तीन वेळा येऊन परत गेल्या होत्या, सापडलेली एक साखळी मुद्देमाल म्हणून अजून कोर्टातच अडकलेली. म्हणाल्या, "तुमच्या पोराचं सोडा, आमचं तरी कुठं संपतंय?" खटला संपेपर्यंत दागिना ताब्यात मिळावा असा अर्ज करता येतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी समोरच्या बाजूची वकील, म्हणून त्यांना सरकारी वकिलांकडे जायला सांगितलं.

काकूंची पुतणी आता प्रत्येक तारखेच्या संध्याकाळी वहीत एक ओळ लिहिते. कानडी अक्षरंही शिकतेय. परवा तिनं मला फोटो पाठवला, अठरावी ओळ. चौथ्या रकान्यात लिहिलं होतं : कुणामुळेच नाही, साक्ष झाली.