थंड खोलीत डिह्युमिडिफायरवर बर्फ का जमतो?

जालन्याची ओळख बियाण्याचे शहर अशी आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको कंपनी सुरू केली आणि त्यानंतर या जिल्ह्यात बियाण्याचा मोठा उद्योग उभा राहिला. आपल्यापैकी कोणी बियाण्याचा व्यापार करतो, कोणी फ्रिज व एसी दुरुस्तीचे काम करतो. बियाणे साठवण्याच्या थंड खोलीत बसविलेले ओलावा काढणारे यंत्र, म्हणजे डिह्युमिडिफायर, या दोघांनाही एकाच प्रश्नात पाडते. यंत्र दिवसभर चालते, पण टाकीत पाणी जेमतेम वाटीभर जमते आणि आत पाहिले तर कॉइलवर पांढरा बर्फ. व्यापारी म्हणतो यंत्र सदोष आहे. मेकॅनिक गॅस भरून देतो. आठवड्याने पुन्हा तोच बर्फ. अशा वेळी दोष बहुधा यंत्रात नसून निवडीत असतो.

प्रथम खोली एवढी थंड व कोरडी का लागते ते पाहू. हॅरिंग्टन या बीजशास्त्रज्ञाच्या नावाचा एक सोपा ठोकताळा आहे. खोलीचे फॅरनहाइट तापमान आणि हवेतील आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज शंभराच्या आत असावी. १२ अंश सेल्सिअस म्हणजे सुमारे ५४ फॅरनहाइट. त्यात ४५ टक्के आर्द्रता मिळवली तर बेरीज ९९ होते, म्हणजे जमले. आर्द्रता ६० टक्के झाली की बेरीज ११४ वर जाते. कांद्याच्या बियाण्याला तर हे फारच जड जाते, कारण त्याची उगवणशक्ती लवकर घटते. प्रमाणित कांदा बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी लागते. त्याखाली गेलेला माल बियाणे म्हणून विकता येत नाही, आणि वर्षभराचे भांडवल अडकते.

आता यंत्राचे काम पाहू. कॉम्प्रेसरचे यंत्र फ्रिजसारखेच असते. ते एक कॉइल थंड करते, पंखा त्यावरून हवा ओढतो आणि हवेतील वाफ कॉइलवर पाणी होऊन टाकीत ठिबकते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो, तसेच हे आहे. मात्र एक अट आहे. कॉइल हवेच्या दवबिंदूपेक्षा थंड हवी. श्रावणात दुकानातील हवा ३० अंश व ७० टक्के आर्द्र असेल तर दवबिंदू सुमारे २४ अंश असतो. कॉइल १० अंशावर असली तरी पाण्याची धार लागते.

पण १२ अंशाच्या खोलीत आर्द्रता ४५ टक्क्यांवर आली की दवबिंदू जवळजवळ शून्यावर येतो. त्याखाली पाणी काढायचे तर कॉइल शून्याच्या खाली न्यावी लागते, आणि तेथे वाफेचे पाणी न होता बर्फच होतो. बर्फाने हवेची वाट अडते, यंत्र थांबून बर्फ वितळवते आणि त्यातील काही पाणी पुन्हा खोलीच्या हवेत मिसळते. आपोआप बर्फ वितळविण्याची सोय असलेले यंत्र बर्फ हटवते, पण हा नियम बदलू शकत नाही.

मग खरा बिघाड ओळखायचा कसा? यंत्र खोलीबाहेर काढा, बर्फ पूर्ण वितळू द्या, जाळी साफ करा आणि दमट दिवशी गरम जागेत दोन तास चालवा. टाकीत पाणी नीट पडू लागले तर यंत्र निर्दोष आहे, गॅस भरण्याचा खर्च करू नका. गरम जागेतही कॉइलच्या सुरुवातीच्या एक-दोन नळ्यांवरच बर्फ धरला आणि बाकी कॉइल कोरडी व कोमट राहिली, तर गॅस कमी आहे. गळती शोधल्याशिवाय तो भरू नये. संपूर्ण कॉइलवर सारखा बर्फ आला तर पंखा मंद आहे किंवा हवेची वाट बंद आहे असे समजावे.

थंड खोलीला योग्य यंत्र म्हणजे शोषक प्रकारचे, ज्याला डेसिकंट म्हणतात. यात सिलिका जेल बसविलेले चाक सावकाश फिरते. खोलीची हवा चाकाच्या मोठ्या भागातून जाताना वाफ शोषली जाते. उरलेल्या भागातून हीटरने तापविलेली, साधारण १०० अंशांच्या वरची हवा जाते आणि शोषलेली वाफ घेऊन नळीवाटे बाहेर पडते. येथे काही गोठवायचे नसल्यामुळे बर्फाचा प्रश्नच नाही. मोठ्या यंत्रांत टाकीही नसते, म्हणून पाणी दिसत नाही याची चिंता करू नये. आर्द्रतामापकावर लक्ष ठेवावे. मात्र ही दमट हवा इमारतीबाहेर गेलीच पाहिजे आणि नळीचा उतार बाहेरच्या बाजूला हवा. नळी खोलीतच सुटली तर काढलेली ओल परत आत येते.

याची किंमतही मोजावी लागते. एक लिटर पाण्यामागे हे यंत्र साधारण दीड युनिट किंवा जास्त वीज घेते. गरम जागेत कॉम्प्रेसरचे यंत्र अर्ध्या युनिटच्या आसपास भागवते. शिवाय शोषक यंत्रातून निघणारी कोरडी हवा कोमट असते, त्यामुळे खोली थंड करणाऱ्या यंत्रावर भार वाढतो. म्हणून खोली २० अंशांच्या वर राहत असेल, साधे गोदाम किंवा दुकान असेल, तर कॉम्प्रेसरचेच यंत्र घ्यावे. १५ अंशांच्या खाली शोषक यंत्र घ्यावे. मधल्या पट्ट्यात आर्द्रता किती खाली आणायची यावर निर्णय ठरतो.

किती क्षमतेचे घ्यावे यासाठी एक हिशेब करू. समजा खोली ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद, साडेतीन मीटर उंच, म्हणजे १०५ घनमीटर आहे. १२ अंश व ६० टक्के आर्द्रतेला या सगळ्या हवेत मिळून पाणी असते अवघे पाऊण किलोच्या आत. त्यातून ४५ टक्क्यांवर यायला फक्त पाव लिटरच्या आत पाणी काढायचे असते. मग टाकी भरेल कशाने? पण दार उघडे राहून पावसाळ्याची हवा (२७ अंश, ८५ टक्के) एकदा पूर्ण आत आली, तर पावणेदोन किलोच्या वर जादा पाणी घेऊन येते. दिवसात दोन वेळा अशी हवा बदलली तर साडेतीन किलो झाले. म्हणजे १२ अंश व ४५ टक्क्यांवर दिवसाला पाच-सहा लिटर काढणारे यंत्र पुरे, आणि दाराला प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा व घट्ट रबर लावणे त्याहून स्वस्त.

एक मोठी चूक मात्र टाळावी. ओले बियाणे खोलीत भरून यंत्राने वाळेल अशी आशा धरू नये. दोन टन बियाण्याचा ओलावा १० वरून ८ टक्क्यांवर आणायचा म्हणजे सुमारे ४३ लिटर पाणी काढायचे. वरील यंत्र त्यातच आठवडाभराहून अधिक गुंतेल आणि तोपर्यंत खोली दमटच राहील. कांद्याचे बियाणे साध्या पिशवीत ८ टक्के आणि हवाबंद पाकिटात ६ टक्के ओलाव्याच्या आत असावे. तेवढे वाळवूनच खोलीत ठेवावे.

खरेदीच्या वेळी विक्रेत्याला एकच प्रश्न नेमका विचारावा. यंत्रावर छापलेले ३० किंवा ५० लिटर कोणत्या हवेतले? कॉम्प्रेसर यंत्रांवर तो आकडा बहुधा ३० अंश व ८० टक्के आर्द्रतेचा असतो. आपल्या खोलीच्या तापमानाला व आर्द्रतेला किती लिटर निघेल, ते बिलावर लिहून घ्यावे. जो विक्रेता ते लिहून देत नाही, त्याचे यंत्र थंड खोलीसाठी घेऊ नये.