झोपेसाठी बारा वाजेपर्यंत जागताना

१. आंबवड्यात रात्री नऊनंतर कुत्र्यांखेरीज कोणी जागं नसतं, त्यामुळे मीही नऊलाच अंथरुणावर पडायची आणि सहाला उठायची. पण झोप लागेना. पुण्याच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी गोळीआधी झोपेची वही लिहायला लावली. आठवड्याची सरासरी निघाली तेव्हा अंथरुणात ९ तास, झोप साडेपाच तास. ३३० मिनिटांना ५४० नी भागलं, म्हणजे ६१ टक्के. उरलेले साडेतीन तास मी अंथरुणाला जागं राहण्याची सवय लावत होते.

२. वही सकाळी चहानंतर भरायची, तीही अंदाजाने. रात्री घड्याळ बघून मिनिटं टिपली की त्यानेच झोप उडते. दुपारची डुलकीसुद्धा लिहायची. संध्याकाळी ओट्यावर लागलेला डोळा रात्रीची झोप खातो. आणि एका रात्रीवरून काही ठरवायचं नाही. माझ्या वहीत वाईट रात्रीच्या पाठोपाठ बहुधा बरी रात्र दिसायची, म्हणून हिशेब आठवड्याचाच.

३. मग आला जाचक नियम. झोप साडेपाच तास, तर अंथरुणही साडेपाच तासच. उठायची वेळ पक्की, साडेपाच. म्हणून पाठ टेकायची थेट बाराला. रात्र कशीही गेली तरी साडेपाचला उठायचंच, सणावारीही. अमेरिकेतल्या आर्थर स्पीलमन यांनी सहकाऱ्यांसह १९८७ मध्ये ही पद्धत मांडली. जागरणाने झोपेची भूक साठते, हे तिच्यामागचं तत्त्व. अंथरुणातली वेळ मात्र पाच तासांच्या खाली उतरवायची नाही.

नऊ ते बारा करायचं काय? मी शेंगा सोलायची, तांदूळ निवडायची. टीव्हीपुढे पेंग येते, म्हणून तो बंद. आत पडून झोप लागेना, की उठून ओटीवर यायचं आणि डोळे जड झाले की परत जायचं.

४. पहिल्या आठवड्यात झोप घटून ४ तास ५० मिनिटांवर आली. सूनबाई म्हणाली, "आई, हे औषध की शिक्षा?" पण ३३० पैकी २९० म्हणजे ८८ टक्के. एकूण झोप कमी होऊनही पडल्या पडल्या डोळा लागत होता, मधली जाग आखडली होती. बाईंचा नियम असा: टक्केवारी ८५ किंवा वर गेली तर अंथरुणातली वेळ १५ मिनिटं वाढवा, ८० च्या खाली आली तर १५ कमी करा, मधे असेल तर हात लावू नका. मला पावणेबारा मिळाले. पुढच्या आठवड्यात ३४५ पैकी २८५, म्हणजे ८३. वेळ तीच राहिली. चिडचिड झाली, पण वाढीची घाई केली की जाग परत पसरते.

५. दिवसा पेंग येते, ती धोक्याची. त्या दिवसांत मी स्कूटी काढली नाही, विळ्याचं कामही दुसऱ्यांवर सोपवलं. आवणीच्या हंगामात हा प्रयोग सुरू करू नये, असं माझं मत.

फिट येणारे, बायपोलर आजार असलेले, झोपेत घोरताना ज्यांचा श्वास अडकतो ते आणि गाडी चालवणं हाच ज्यांचा धंदा आहे ते, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. झोपेची गोळी चालू असेल तर तीही मनाने एकदम तोडू नका.