धुतल्या केसांचा दर्प

नियमाने डोके धुणाऱ्या मनुष्याच्या केसांना धुतल्यानंतर दुसऱ्याच दिवशी आंबूस, शिळ्या तेलासारखा दर्प येऊ लागला, तर समाज त्याच्याविषयी जो निवाडा देतो, तो कोणतीही साक्ष न काढता आणि आरोपीची कैफियत न ऐकता दिलेला असतो, हे मी स्वानुभवाने सांगते. ज्या सहकारी बाईंनी शाळेच्या शिक्षक-खोलीत चारचौघांदेखत "रोज नाही, निदान आठवड्यातून एकदा तरी केस धुवावेत हो," असा उपदेश मला केला, त्यांच्याहून अधिक वेळा मी डोके धूत होते, एवढेच नमूद करून ठेवते.

खडकवासल्यास राहणाऱ्यांना पावसाळ्याची ओल काय असते हे सांगावयास नको. धरणाच्या काठावरून येणारा दमट वारा, पहाटेच्या अंधारात न्हाऊन ओल्याच केसांचा घट्ट अंबाडा, त्यावर हेल्मेट, आणि मग किरकटवाडी, नांदेड फाटा, धायरी करीत सिंहगड रस्त्याच्या कोंडीतून स्वारगेटपर्यंतचा प्रवास, हा नोकरी करणाऱ्या शेकडो स्त्रियांचा नित्यक्रम आहे. त्यात अस्वच्छता कोठेही नाही. परंतु ऊब, ओल आणि तेल ही तिन्ही एकाच ठिकाणी तासन्‌तास कोंडली गेली म्हणजे डोक्याच्या त्वचेवर काय घडते, याची माहिती आम्हांला कोणी दिलेली नसते. आणि ज्यांचा तो व्यवसाय आहे, त्यांनी तर ती बुद्ध्या दडविली, असा माझा स्पष्ट आरोप आहे.

शहरातील एका केशोपचार केंद्रात मी गेले, तेव्हा तेथील बाईंनी माझ्या केसांतून बोटे फिरवून, त्वचेकडे दृष्टीही न टाकता, "मुळे कोरडी पडली आहेत, पोषण हवे," असा निर्णय दिला आणि कोमट ऑलिव्ह तेलाचे मर्दन, वाफ व नंतर सुगंधी लेप अशा उपचारांचा मोठा संच आगाऊ रक्कम घेऊन माझ्या माथी मारला. प्रत्येक उपचारानंतर पहिला दिवस सुगंधाचा जाई आणि दुसऱ्या दिवशी तोच दर्प पूर्वीपेक्षा तीव्र होऊन परत येई. तशी तक्रार केली असता त्यांनी मजकडे अशा काही नजरेने पाहिले की, दोष माझ्या न्हाणीघरात आहे याविषयी त्यांना तिळमात्र शंका नसावी. "घरी नीट धूत नसाल," हे त्यांचे शब्द अजूनही माझ्या मनातून गेलेले नाहीत.

अखेरीस ज्या त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे मी गेले, त्यांनी प्रथम एक प्रश्न विचारला, आणि तो प्रश्न आधी कोणीही विचारला नव्हता. वास केसांना येतो की त्वचेला, असे त्यांनी विचारले. मला उत्तर देता येईना, कारण सतत सोबत असलेला वास आपल्या नाकाला काही वेळाने जाणवेनासा होतो. त्यांनी घरी करावयाची एक साधी परीक्षा सांगितली, आणि ती मी प्रत्येकीने अवश्य करून पाहावी असे सांगते. डोके धुतल्यानंतर दुसऱ्या दिवशी, तेल अगर सुगंधी द्रव्य न लावता, स्वच्छ कापसाचा एक बोळा कानामागे आणि टाळूवर भांग पाडून त्वचेवर चोळावा. दुसरा बोळा वेणीच्या टोकावरून, म्हणजे त्वचेपासून दूरच्या केसांवरून, फिरवावा. दोन्ही निरनिराळ्या झाकणाच्या बाटल्यांत तासभर बंद करून ठेवावे आणि कोणता बोळा कोणता हे न सांगता घरातील दुसऱ्या व्यक्तीस हुंगावयास द्यावे. शेंड्यांचा बोळा वासाचा निघाला तर दोष साचलेल्या तेलाचा, लेपाचा अगर ओल्या अंबाड्याचा असण्याचा संभव अधिक. त्वचेचा बोळा वासाचा आणि शेंड्यांचा निर्वास निघाला तर दोष त्वचेवर आहे, आणि केसांवर कितीही महागडे लेप थापले तरी तो जाणार नाही.

आमच्या जाऊबाईंनी वेणीच्या टोकाची बाटली हुंगून "ह्याला काही नाही," म्हटले आणि टाळूची बाटली उघडताच मान फिरविली. त्या क्षणी मला दुःख झाले नाही, उलट सुटल्यासारखे वाटले. कारण मी केस धूत नाही हा आरोप त्या दोन बाटल्यांनी खोटा ठरविला होता. न धुतलेल्या केसांचा वास असता तर तो शेंड्यांनाही आला असता.

डॉक्टरीणबाईंनी कानामागे, कपाळाच्या केसरेषेवर आणि नाकाच्या बाजूस असलेले पिवळसर, तेलकट पापुद्रे दाखविले. हा सेबोऱ्हिक त्वचादाह आहे, साध्या कोंड्याचाच प्रखर भाऊबंद, असे त्या म्हणाल्या. त्याच्या मुळाशी मालासेझिया नावाची एक बुरशी असते. लुई-शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७४ साली कोंड्याच्या पापुद्र्यांत तिचे वर्णन केले आणि पुढे तिला त्याचेच नाव मिळाले. ती बाहेरून आलेली शत्रू नव्हे. निरोगी माणसाच्या डोक्यावरही ती असतेच. परंतु तिला स्वतःसाठी लागणारी स्निग्धाम्ले तयार करता येत नाहीत, म्हणून ती त्वचेतून पाझरणारे तेल फोडून त्यावर जगते. त्या विघटनातून सुटलेली काही आम्ले त्वचा चुरचुरवितात, पापुद्रे सुटू लागतात, आणि तेल, घाम व पापुद्रे यांच्या ओलसर थरावर ही बुरशी आणि जिवाणू मिळून जो उद्योग करतात, त्याचा तो दर्प असतो. ताज्या घामाला फारसा वास नसतो. घामट हेल्मेटच्या आत तो साचून राहिला म्हणजे जिवाणू त्याला वास आणतात.

याच वेळी त्यांनी सहज एक गोष्ट सांगितली आणि माझा संताप अनावर झाला. प्रयोगशाळेत ही बुरशी वाढवावयाची असेल तर नेहमीच्या खाद्यमाध्यमावर ती धड वाढत नाही. त्यावर ऑलिव्ह तेलाचा थर द्यावा लागतो. ज्या तेलाच्या मर्दनासाठी मी आगाऊ पैसे मोजले होते, तेच हे तेल! पोषण दिले जात होते ते केसांच्या मुळांना नव्हे, त्या बुरशीला. तेल मुळीच वाईट, असे माझे म्हणणे नाही. निरोगी डोक्यावर खोबरेल लावून न्हाणाऱ्या आपल्या आया-आज्यांचे केस सुंदर होते. पण त्वचेवर तेलकट पापुद्रे असताना रात्रभर तेल मुरवत ठेवणे हा उपाय नाही, आणि ज्याच्या हाती दुकान आहे त्याने त्वचा पाहिल्यावाचून तेल ओतू नये.

उपाय म्हणून त्यांनी दोन टक्के केटोकोनॅझोलचा शाम्पू लिहून दिला. तो लावण्याची रीत नीट सांगते, कारण बहुतेकींचा घोटाळा येथेच होतो. केस भिजवून भांगाभांगाने बोटांच्या टोकांनी तो त्वचेवर लावावा, नखांनी खरवडू नये, वेणीच्या लांबीवर वाया घालवू नये. आणि फेस आला की लगेच न धुता तीन ते पाच मिनिटे तसाच ठेवावा. औषध त्वचेशी काही काळ राहिले नाही तर ते साध्या शाम्पूइतकेच काम करते. आठवड्यातून दोनदा, असे दोन ते चार आठवडे करावयाचे. नंतर दर आठवड्या-पंधरवड्यास एकदा, कारण ही बुरशी कायमची हद्दपार होत नाही आणि औषध पूर्णपणे सोडले की वास पुन्हा डोके वर काढतो. मधल्या दिवशी साधा सौम्य शाम्पू चालतो. कंडिशनर लावावयाचाच तर कानाच्या खालच्या केसांना. याने गुण न आल्यास झिंक पायरिथिऑन अगर अडीच टक्के सेलेनियम सल्फाइडचे शाम्पू असतात, पण सेलेनियमला स्वतःचाच एक उग्र वास असतो आणि रंगविलेल्या केसांचा रंग तो बदलू शकतो, म्हणून तो फार नीट धुवावा लागतो. औषधांच्या दुकानातून कोणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइड मिसळलेले मलम आणून चोळू नये.

शाम्पूने त्वचा सुधारली तरी वास परत येत असेल, तर तो बहुधा वस्तूंतून परत येतो. हेल्मेटमधील गाद्या सुटत असतील तर त्या काढून कोमट साबणपाण्यात धुवून सावलीत पूर्ण वाळवाव्यात; सुटत नसतील तर आत सुती रुमाल बांधून तो रोज बदलावा. उशीचा अभ्रा, कंगवा, पंचा, केसांचे रबर ही सर्व त्याच तेलाने माखलेली असतात. ओले केस बांधू नयेत, हे सर्वांना माहीतच आहे. सकाळी सहाला घर सोडणारीने ते कसे साधावे, हे मात्र उपदेश करणाऱ्यांपैकी कोणी सांगत नाही. मी रात्री न्हाऊन, पंख्याखाली मुळे कोरडी करून मगच निजते. ज्यांच्या घरी बोअरचे जड पाणी आहे त्यांनी अंगाचा साबण डोक्याला लावू नये. जड पाण्यात साबणाचा चिकट साका केसांवर बसतो.

शेजारच्या वहिनींनी खाण्याच्या सोड्याचा लेप सुचविला होता. सोडा अल्कधर्मी, त्वचा किंचित आम्लधर्मी. चुरचुरणाऱ्या त्वचेवर तो चोळल्याने इजाच होते. लिंबाच्या रसाचेही तेच. सुगंधी फवारा मारल्याने दर्प जात नाही, दोन वास एकत्र होतात.

काही लक्षणांत मात्र शाम्पूवर विसंबू नये. मुलाच्या डोक्यावर गोल चकती होऊन केस तुटू लागले असतील तर ती बहुधा दाद असते आणि तिला पोटातून औषध द्यावे लागते. पू, वेदना, ताप, अगर चंदेरी जाड खपल्या असतील तर त्वचारोगतज्ज्ञास दाखवावे. महिनाभर नीट औषध लावूनही फरक पडला नाही, तरीही तेच.

त्या केशोपचार केंद्राने उरलेल्या उपचारांची रक्कम परत करण्यास साफ नकार दिला. "उपचार आपल्या इच्छेने घेतले," असे त्यांचे उत्तर. म्हणून असा संच घेण्यापूर्वी लेपात व तेलात काय आहे ते लेखी मागावे, एका वेळचेच पैसे द्यावेत आणि पावती जपून ठेवावी. माझी पावती माझ्याजवळ आहे, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदविली आहे.