घराचं नाव दगडावर कोरण्याआधी

कराडला ताईने घर बांधलं तेव्हा नावावरून घरात चांगलीच जुंपली. मेव्हण्यांना ‘स्मृतिगंध’ हवं होतं. ताईच्या सासूबाईंनी ते ऐकलं आणि त्या म्हणाल्या, “अहो, वास्तुशांत करून आत पाऊल टाकायचं आणि दारातच गेलेल्यांची आठवण? मी अजून आहे ना!” त्यांचं म्हणणं मला पटलं. आपल्याकडे घराच्या नावात कृपा, छाया, आशीर्वाद, कुलदैवत किंवा आईवडील येतात ते काही उगाच नाही. नवीन घरात राहणाऱ्यांच्या डोक्यावर कुणाचा तरी हात असावा, ही त्यामागची भावना. स्मृती वाईट नाही, पण घरात वडीलधारं माणूस हयात असताना ती दारावर लावण्याआधी त्यांना विचारलेलं बरं.

शेवटी ‘मातृच्छाया’ ठरलं. सासूबाई खूश झाल्या.

मी बरीच वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, त्यामुळे च्छ लिहायचं हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. ऱ्हस्व स्वरापुढे छ आला की मध्ये च् येतो. परिच्छेद आणि वृक्षच्छाया या शब्दांत तो दिसतो, तसाच ‘मातृ’पुढेही. मेव्हण्यांनी नाव फोनवरून पाट्यावाल्याला पाठवलं, अगदी बरोबर लिहून. आठवड्याने काळ्या ग्रॅनाइटची पाटी आली, सोनेरी रंग भरलेली, देखणी. त्यावर नाव होतं ‘मातृछाया’.

झालं होतं ते असं. दुकानातल्या संगणकावर जुने फॉन्ट होते, युनिकोडच्या आधीचे. फोनवरचा मजकूर त्यात उतरवला की जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, रफार भलतीकडे बसतो. इथे च् पाय मोडून एकटाच उभा राहिला. कोरणाऱ्याला ते विचित्र दिसलं, शिवाय त्याने आजवर गावभर ‘मातृछाया’च वाचलेलं. त्याने तो च् काढून टाकला. त्याच्या दृष्टीने त्याने चूक दुरुस्तच केली होती, म्हणून मला त्याचा फारसा राग आला नाही.

कोरलेला ग्रॅनाइट खोडता येत नाही. खाच मसाल्याने बुजवली तरी तिरप्या उन्हात तो डाग उठून दिसतो. नवीन दगड घ्यावा लागला, आणि कागदावर नमुना पाहून कुणी सही केलेली नसल्यामुळे पैसेही ताईनेच भरले.

म्हणून नाव ठरल्यावर कोरायला देण्याआधी दुकानदाराकडून पाटीच्या खऱ्या मापाचा छापील कागद मागा. मोबाइलवरचं चित्र चालत नाही, त्यात अनुस्वार आणि वेलांट्या नीट कळत नाहीत. तो कागद जिथे पाटी लागणार तिथेच भिंतीला चिकटवा आणि रस्त्यावरून वाचा. फाटक उघडल्यावर पाटी झाकली जाते का, हेही तेव्हाच लक्षात येतं. कागद बरोबर असेल तर त्यावर सही करा आणि कोरणाऱ्याला सांगा की यात काना-मात्राही बदलायची नाही.

तो कागद वाचताना काही जागी हमखास ठेच लागते. ‘आशीर्वाद’मध्ये शी दीर्घ आणि रफार ‘वा’वर, ‘आर्शिवाद’ मी किती पाट्यांवर पाहिलंय! एकटी ‘शांती’ दीर्घ, पण ‘शांतिसदन’मध्ये ऱ्हस्व, तसंच ‘गुरू’ आणि ‘गुरुकृपा’. ‘लक्ष्मी’ मात्र मुळातच दीर्घ, म्हणून ‘लक्ष्मीनिवास’. फॉन्ट हिंदी वळणाचा असेल तर ल आणि श वेगळे दिसतात. आपला ल पाकळीचा आणि श देठाचा. राज्य शासनाने 2009 मध्ये हीच वळणं प्रमाण ठरवली. हिंदी वळणाला चूक म्हणता येणार नाही, पण मराठी घरावर मराठी ल शोभतो.

स्टीलची किंवा पितळेची सुटी अक्षरं लावायची असतील तर अनुस्वाराकडे बघा. ते टिंब वेगळं चिकटवलेलं असतं आणि एखाद्या पावसाळ्यात गळून पडतं. मग ‘आनंद’चा ‘आनद’ होतो. टिंब मागच्या पत्र्याला खिळीने बसवून घ्या, नाहीतर दगडात कोरलेलंच बरं.

उच्चाराची परीक्षा सोपी आहे. पत्ता विचारणाऱ्या अनोळखी माणसाला फोनवर नाव एकदाच सांगा आणि त्याला परत म्हणायला लावा. ‘मातृच्छाया’ बहुतेकांनी ‘मातृछाया’ म्हणूनच परत केलं, आणि ते चालून गेलं. लिहिताना काटेकोर राहावं, बोलणाऱ्याची जीभ धरू नये. पण माणूस तीनदा “काय?” म्हणाला तर नाव बदला. पाटीखाली रोमन अक्षरांत लिहायचं असेल तर तेही आपल्या उच्चाराप्रमाणे. आपण ऋ ‘रु’ म्हणतो, हिंदीत तो ‘रि’ होतो. ‘ज्ञानदीप’चा आपला ‘द्न्या’ तिकडे ‘ग्या’ होतो. दुकानदार सवयीने हिंदी पद्धतीचं स्पेलिंग घालतात. जे पाटीवर घालाल तेच स्पेलिंग वीजबिलावर आणि नकाशावरही द्या, नाहीतर कुरिअरवाला पाटीसमोर उभा राहून घर कुठे म्हणून फोन करतो.