कुत्र्याची खाज : अन्नामुळे की धुळीमुळे?



पाळलेला कुत्रा सारखा पंजे चाटतो, कान खाजवतो, तेव्हा घरात पहिला प्रश्न येतो, "खाण्यातलं काही बाधलं का?" अडचण अशी की अन्नाची अ‍ॅलर्जी आणि धूळ, परागकण, बुरशी यांची अ‍ॅलर्जी त्वचेवर सारखीच दिसते. ठरावीक ऋतूतच खाज येत असेल तर संशय परागकणांवर जातो. पण घरातल्या धुळीतले बारीक जीव बारा महिने असतात, त्यामुळे वर्षभराची खाज म्हणजे अन्नाचीच, असं म्हणता येत नाही. अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी रक्ततपासणीवरही विसंबता येत नाही.

मग ओळखायचं कसं? विज्ञानाच्या तासाला आपण शिकवतो तसं : एकच गोष्ट बदला, बाकी सगळं तेच ठेवा.

एक उदाहरण घेऊ. मोती चिकन, भात, पोळी आणि दूध खातो. आधी डॉक्टरांनी पिसवांचा बंदोबस्त केला आणि त्वचेचा जंतुसंसर्ग बरा केला, कारण खाज त्यांनीही येते. मग त्याने कधीच न खाल्लेलं अन्न ठरवलं : उकडलेले मासे आणि रताळं. (घरचा असा आहार दीर्घकाळ पुरेसा पोषक नसतो, म्हणून तो डॉक्टरांना विचारूनच द्यावा.) आठ आठवडे दुसरं काहीही नाही. बिस्किटाचा तुकडा नाही, पोळीचा घास नाही, चव लावलेली औषधाची गोळीसुद्धा नाही. घरच्यांनी रोज खाजेला ० ते १० गुण दिले. सुरुवातीला ८ होते, आठव्या आठवड्यात २ झाले.

झालं का निदान? नाही! इथेच बरेच जण थांबतात. कदाचित पावसाळा संपला म्हणून खाज कमी झाली असेल, किंवा खाजेच्या औषधाचा परिणाम असेल. म्हणून जुनं अन्न पुन्हा सुरू करायचं. मोतीला पाचव्या दिवशी खाज परत आली, गुण ७. पुन्हा मासे-रताळं दिल्यावर ती उतरली. आता अन्नाची अ‍ॅलर्जी सिद्ध झाली. पुढे एकेक पदार्थ दोन-दोन आठवडे देऊन पाहिला. चिकनने काही झालं नाही, दुधाने खाज आली. दूध बंद झालं, चिकन परत मिळालं.

निकाल वेगळेही येऊ शकतात. जुन्या अन्नावर दोन आठवडे राहूनही खाज परतली नाही, तर सुधारणेचं श्रेय आहाराला देऊ नये. आठ आठवडे काटेकोर पाळूनही फरक नाही, तर कारण बहुधा परिसरात आहे. खाज निम्मीच उतरली आणि जुन्या अन्नाने पुन्हा वाढली, तर दोन्ही अ‍ॅलर्जी एकत्र असू शकतात.

आणि मधेच कुणी चोरून बिस्किट दिलं असेल, तर "फरक पडला नाही" या निकालाला अर्थ उरत नाही. त्यामुळे घरातल्या मुलांना आणि आजी-आजोबांना पहिल्याच दिवशी हे समजावून सांगा.