दुखणे पळवणारी गोळी

आपल्या भागात ज्वारीची काढणी सुरू झाली की हातापायांना उसंत नसते. अशा वेळी ज्याचे सांधे धरले, त्याचे हाल विचारू नका. कोणी शेजारी सांगतो, ‘अमक्या दुकानातली गोळी घे, दोन दिवसांत पळायला लागशील.’ आणि खरेच तसे होते. ही गोळी पुष्कळदा स्टिरॉइडची असते. तिची माहिती आज करून घेऊ.

हे औषध खोटे नाही. १९४८ साली अमेरिकेत हेंच नावाच्या डॉक्टरांनी सांधेवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका बाईला कॉर्टिसोन टोचले. थोड्याच दिवसांत ती बाई चालू लागली. या कामाबद्दल १९५० साली त्यांना व आणखी दोन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. दम्याच्या जोरात आणि मूत्रपिंडाच्या काही रोगांत आजही या औषधाने जीव वाचतात. परंतु ते महिनोन्‌महिने घेतले की काय होते, हेही डॉक्टरांना पुढे लवकरच दिसले.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, मंगळवेढ्याकडची पन्नाशीची एक बाई आहे. तिच्या बोटांचे व गुडघ्यांचे सांधे सुजले. सकाळी मूठ वळेना. दुकानदाराने चिठ्ठीवाचून प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दिल्या. ५ मिलिग्रॅमची एक, अशा रोज चार. म्हणजे दिवसाला २० मिलिग्रॅम. बाई म्हणाली, ‘गोळी घेतली की गुडघं कसं हलकं होतंया!’ तिने सहा महिने गोळी सोडली नाही.

चौथ्या महिन्यात तिचा चेहरा गोल झाला. लोक म्हणाले, ‘बाई सुधारली.’ ती सुधारलेली नव्हती. ती गोळीची सूज होती. पुढे तिला फार तहान लागू लागली. रात्री चार-चार वेळा लघवीला उठावे लागे. तिने सकाळी उपाशीपोटी रक्त तपासले, तर साखर ९६ निघाली. ‘साखर नाही’ म्हणून ती घरी आली. येथेच फसगत झाली. सकाळी घेतलेल्या गोळीचा जोर दुपारनंतर चढतो. त्यामुळे साखर दुपारी व संध्याकाळी वाढते, आणि पहाटेपर्यंत पुष्कळदा उतरते. दुपारी जेवणानंतर दोन तासांनी तपासले असते, तर तीच साखर २६० निघाली असती. म्हणून ही गोळी घेणाऱ्याने दुपारच्या जेवणानंतरची साखर अवश्य पाहावी.

साखर अशी वाढली, की जंतूंशी लढण्याची अंगातली ताकद कमी होते. शिवाय गोळीही ती कमी करते. २०२१ साली करोनाच्या साथीत आपल्या महाराष्ट्रात नाकाडोळ्यांच्या काळ्या बुरशीचे पुष्कळ रोगी निघाले. त्यांतल्या बऱ्याच जणांना वाढलेली साखर होती आणि स्टिरॉइडही दिलेले होते.

आता हाडांचे पाहा. आपले हाड म्हणजे दगड नव्हे. ते रोज थोडे झिजते आणि रोज थोडे नवे भरते. ही गोळी भरण्याचे काम मंद करते आणि झीज चालू ठेवते. पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच हाड सर्वांत भराभर पोकळ होते. आपल्या बाईने एके दिवशी पाण्याची घागर उचलली, तो पाठीत कळ आली. ती पडली नव्हती, मार लागला नव्हता. तरी पाठीचा एक मणका दबला होता. पाठीला बाक येणे आणि उंची कमी होणे, याही खुणा आहेत. म्हणून ज्याला ही गोळी तीन महिने किंवा जास्त घ्यायची आहे, त्याने डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारावे, ‘हाडांसाठी काय घेऊ?’ दूध, तीळ, ऊन यांचा उपयोग आहेच. पण पुष्कळांना कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडे राखणारे वेगळे औषधही लागते.

हे सारे ऐकून बाईचा मुलगा घाबरला. ‘आई, ही विषाची गोळी फेकून दे,’ म्हणाला. बाईने त्याच दिवशी गोळी बंद केली. दोन-तीन दिवसांत तिला उभे राहिले की चक्कर येऊ लागली. अन्न जाईना, उलट्या सुरू झाल्या, पोट दुखू लागले. मग ती अंगणात कोसळली.

असे का झाले? आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक लहान गाठ असते. ती गाठ रोज कॉर्टिसोल नावाचा रस तयार करते. तो प्रेडनिसोलोनच्या सुमारे ५ मिलिग्रॅमएवढा भरतो. ताप, मार, शस्त्रक्रिया आली की ती तो जास्त सोडते. याच रसाने रक्तदाब टिकतो. बाहेरून गोळी येऊ लागली, की या गाठी काम थांबवतात आणि आक्रसतात. सहा महिने गोठ्यात बांधलेला बैल एकदम दिवसभर नांगराला चालेल काय? तो आधी थोडा, मग जरा जास्त असा चालवावा लागतो. तसेच या गाठींचे आहे.

बाईला सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलात नेले. तेथे सलाईन व हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन देऊन तिला सावरले. मग डॉक्टरांनी पायऱ्या आखून दिल्या. आधी दोन आठवडे २० मिलिग्रॅम, पुढे दोन आठवडे १५, नंतर दोन आठवडे १०. तेथून एक महिना साडेसात, मग ५. पाचच्या खाली आणखी हळू, आणि सकाळी आठ वाजता रक्तातले कॉर्टिसोल तपासून. सांधेवाताचे दुसरे औषधही त्यांनी लगेच चालू केले. त्याचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. या पायऱ्या त्या बाईच्या आहेत. त्या पाहून आपण आपल्या आखू नयेत.

दम्यासाठी डॉक्टरांनी पाचसात दिवसांची गोळी दिली, तर ती संपल्यावर बहुधा तशीच थांबते. तीन आठवड्यांहून जास्त घेतली, तर मात्र एकदम थांबवू नये. गोळी चालू असताना जोराचा ताप आला किंवा शस्त्रक्रिया ठरली, तर गोळी वाढवावी लागते; डॉक्टरांना आधी सांगावे. उलटीने गोळी पोटात टिकत नसेल, तर घरी थांबू नये, दवाखाना गाठावा. गोळी सोडल्यावरही काही महिने गाठी दुबळ्या राहतात, म्हणून तेव्हाही हे सांगावे.

गोळी ओळखायची कशी? पाकिटावर नाव बहुधा इंग्रजीत असते. शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, डिफ्लाझाकॉर्ट, ही सगळी स्टिरॉइडेच. आकड्यावर जाऊ नका. डेक्सामेथासोनची अर्ध्या मिलिग्रॅमची बारीक गोळी प्रेडनिसोलोनच्या तीन मिलिग्रॅमहून थोडी जास्तच भरते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून या गोळ्या विकायला कायद्याने बंदी आहे. सुटी गोळी वा पुडी कोणी दिली, तर नाव विचारा. तीच गोळी तुम्ही कैक महिने घेत असाल, तर ती फेकू नका. ती घेऊनच डॉक्टरांकडे जा.

प्रश्न
१. बाईची सकाळची साखर ९६ असूनही तिला तहान का लागत होती?
२. पाठीचा मणका न पडता कसा दबला?
३. मुलाने गोळी फेकायला सांगितली, त्याऐवजी काय करायला हवे होते?
४. आपल्या घरातील गोळीचे नाव वाचून घ्या आणि वहीत लिहा. ती कधीपासून व रोज किती चालू आहे, तेही पुढे लिहा. दवाखान्यात जाताना वही बरोबर न्या.